तीन चाळीसचा दीडशे अंश: सहा चुकांच्या एका पेपरची तपासणी

सोलापुरात नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा बुद्धिमत्ता चाचणीचा क्लास चालतो. खोलीत तीसेक खुर्च्या, एक फळा आणि दारावर एक स्वस्तातलं सेलवरचं घड्याळ. त्या घड्याळाचा या प्रकरणात दोनदा संबंध येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जानेवारी होता. होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली होती आणि निम्मी पोरं संध्याकाळी पाळण्यात बसायला पळत होती. तेव्हा मी घड्याळ आणि दिनदर्शिका या दोनच घटकांवर दहा प्रश्नांचा सराव पेपर घेतला. पोलीस भरतीच्या लेखीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. या घटकांचे प्रश्न थोडेच येतात, पण तेवढ्यावरही वेळ वाया जातो, कारण पोरं तेच गणित तीनदा करून बघतात आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर येतं.

विडी घरकुलाकडून येणारी एक मुलगी आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातात, ही सकाळी सातला क्लासला हजर असते. अक्षरमाला, नातेसंबंध, दिशा यांत तिची चूक शोधावी लागते. या पेपरात मात्र तिला दहापैकी चार पडले. पेपर हातात घेतल्या घेतल्या ती म्हणाली, "ओ सर, घड्याळ मला जमतच नाही. सोडूनच देते हा घटक."

मी म्हटलं, थांब, आधी बघू तरी काय सोडायचंय ते.

माझी एक सवय आहे. पोरांची बरोबर उत्तरं मी फार बघत नाही, चुकलेली बघतो, आणि चुकलेल्यातही बरोबर उत्तर किती होतं त्याआधी यांनी नेमकं काय लिहिलंय ते बघतो. या पेपरात मात्र तिची बरोबर आलेली चार उत्तरंही बोलत होती. तीन प्रश्न पूर्ण वाजलेल्या वेळेचे होते: चार वाजता, सहा वाजता आणि सात वाजता काट्यांमध्ये किती अंशांचा कोन होतो. चौथा होता, दिलेल्यांपैकी लीप वर्ष कोणतं. म्हणजे मिनिटकाटा बारावर असेल तोवर तिला घड्याळ अगदी व्यवस्थित येत होतं.

चुकलेले सहा असे होते. तीन चाळीसला कोन किती? तिचं उत्तर १५०. आठ वीसला? १२०. एक पन्नासला लहान कोन किती? ९०. चार ते पाचच्या दरम्यान काटे पहिल्यांदा काटकोनात कधी येतात? तिनं लिहिलं चार वाजून पाच मिनिटांनी. मग १५ ऑगस्ट १९४७ चा वार, तिच्या मते शनिवार. आणि १२ जानेवारी १९३१ चा वार, तिच्या मते मंगळवार. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं तो हा दिवस. सोलापूरच्या पोरांना तारीख पाठ असते, वार कुणालाच माहीत नसतो.

आता पहिली तीन उत्तरं खऱ्या उत्तरांशेजारी ठेवली. तीन चाळीसला खरा कोन १३०, तिचं उत्तर २० ने जास्त. आठ वीसलाही खरा कोन १३०, इथे ती १० ने कमी. एक पन्नासला ११५, तिथे २५ ने कमी. २०, १० आणि २५. प्रश्नांतली मिनिटं होती ४०, २० आणि ५०. प्रत्येक वेळी चूक बरोबर मिनिटांच्या निम्मी. अडाणीपणाची चूक इतकी नेटकी नसते. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो आणि तिच्या डोक्यातला तासकाटा सरकतच नव्हता, तो आकड्यावर खिळा मारून बसवलेला होता. चौथ्या प्रश्नातही तेच झालं: तासकाटा चारवर गच्च, मग काटकोन व्हायला मिनिटकाटा एकवर आला की झालं, म्हणून चार-पाच.

पेपरात १५० हा पर्याय मीच ठेवला होता, हेही कबूल करतो. पेपर काढणारा प्रत्येक जण असं करतो. विद्यार्थी कुठे घसरणार ते आधी ठरवायचं आणि तिथे पर्याय मांडून ठेवायचा. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, हा दिलासा या घटकात तरी अगदीच कुचकामी आहे.

तिला हे सांगून पटलं नसतं. मी खुर्चीवर चढून घड्याळ खाली काढलं, सेल काढला आणि मागची खुंटी फिरवून तीन वाजवले. तासकाटा तीनवर, मिनिटकाटा बारावर. मग खुंटी हळूहळू फिरवत मिनिटकाटा आठवर आणला आणि विचारलं, "आता तासकाटा कुठाय?"

तीन आणि चारच्या मधे, चारकडे झुकलेला. नीट बघितलं तर दोन आकड्यांमधल्या जागेचे तीन भाग केले तर त्यातले दोन भाग त्यानं ओलांडलेले होते. ४० मिनिटं म्हणजे तासाचे दोन तृतीयांश, दोन आकड्यांमधलं अंतर ३० अंश, म्हणून तासकाट्याची चाल २० अंश. ती म्हणाली, "हां, हे माहीतच आहे की ओ." माहीत तर सगळ्यांना असतं. पुस्तकातल्या चित्रांमध्ये मात्र तासकाटा कायम आकड्यावर छापलेला असतो आणि प्रश्न सोडवताना डोळ्यांपुढे ते चित्र येतं, घड्याळ येत नाही.

तिचं घड्याळ कसं दिसलं असतं तेही दाखवावं म्हणून मी पुन्हा तीन वाजवले, तासकाटा बोटानं तीनवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं खुंटी फिरवून मिनिटकाटा आठवर नेला. "हे तुझे १५० अंश. असं घड्याळ दुकानात मिळत नाही." सगळे हसले. मग मी मोबाइलमध्ये वेळ बघून घड्याळ लावलं, सेल घातला आणि परत दारावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच उपाय घेऊन आली. "सर, सोपंय. तासकाटा थांबलाय असं धरून कोन काढायचा आणि त्यातनं अर्धी मिनिटं वजा करायची." तीन चाळीस: १५० वजा २०, म्हणजे १३०. बरोबर. तिनं ही युक्ती शेजारच्या दोघींनाही शिकवून टाकली होती.

मी फक्त एवढंच म्हटलं, आठ वीस कर. १२० वजा १०, म्हणजे ११०. खरं उत्तर १३०. आधी ती १० ने चुकत होती, आता २० ने चुकली. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा भाग मला हाच वाटतो, कारण बरीच पोरं याच टप्प्यावर वर्षभर राहतात. निम्मी उत्तरं बरोबर येतात, निम्मी चुकतात आणि त्यांना वाटतं आपलं गणित कच्चं आहे.

बिघडतं कुठे ते बघा. तासकाटा कायम पुढेच जातो. तीन चाळीसला मिनिटकाटा त्याच्या पुढे आहे, तीनवरून पुढे बघितलं तर आठवर. तासकाटा पुढे सरकला की तो मिनिटकाट्याच्या जवळ जातो, कोन कमी होतो, म्हणून वजाबाकी चालली. आठ वीसला उलटं आहे. मिनिटकाटा चारवर, तासकाटा त्याच्या पुढे आठवर. तो आणखी पुढे सरकला की लांबच जाणार. कोन वाढतो, तिथे मिळवायचं असतं. एक पन्नासला तर आणखी गंमत आहे. मिनिटकाटा दहावर आणि तासकाटा एकच्या पुढे, पण लहान कोन बाराच्या बाजूनं मोजायचा असतो. त्या बाजूनं बघितलं तर तासकाटा दूर जातोय, म्हणून ९० चे ११५ होतात. म्हणजे मिळवायचं की वजा करायचं हे दर वेळी चित्र काढून ठरवावं लागणार, आणि ५४ सेकंदांत चित्र काढायला कुणाला सुचत नाही.

म्हणून मी तिला दुरुस्ती करायची पद्धतच सोडायला लावली. दोन्ही काट्यांचा बारापासूनचा पत्ता वेगवेगळा काढायचा. मिनिटकाट्याचा पत्ता म्हणजे मिनिटं गुणिले ६. तासकाट्याचा पत्ता म्हणजे तास गुणिले ३०, अधिक मिनिटांचे निम्मे. मोठ्यातून लहान वजा करायचा. उत्तर १८० च्या वर गेलं तर ते ३६० मधून वजा करायचं. आठ वीस: मिनिटकाटा १२०, तासकाटा २४० अधिक १० म्हणजे २५०, फरक १३०. एक पन्नास: मिनिटकाटा ३००, तासकाटा ३० अधिक २५ म्हणजे ५५, फरक २४५, तो १८० च्या वर, म्हणून ११५. पुढे-मागेचा विचारच करायचा नाही, वजाबाकी तो करते.

पुस्तकात याचंच सूत्र दिलेलं असतं: तास × ३० आणि मिनिटं × ५.५ यांतला फरक. त्यात चूक काहीच नाही, मिनिटाचे ६ अंश आणि तासकाट्याचा अर्धा अंश यांची वजाबाकी आधीच करून ठेवली आहे इतकंच. पण सूत्रापासून सुरुवात केलेल्या पोरांना ५.५ कुठून आला ते माहीत नसतं आणि "काटे काटकोनात कधी येतील" असा उलटा प्रश्न आला की ते हात टेकतात. हा ५.५ म्हणजे मिनिटकाटा तासकाट्यापेक्षा दर मिनिटाला जेवढा जास्त चालतो तेवढा, हे कळलं की तोही प्रश्न सुटतो.

चार वाजता मिनिटकाटा तासकाट्याच्या १२० अंश मागे आहे. काटकोन व्हायला अंतर ९० व्हायला हवं, म्हणजे ३० अंश भरून काढायचे. मिनिटाला ५.५ या वेगानं ३० अंशांना लागतात ६०/११ मिनिटं, म्हणजे ५ पूर्णांक ५/११. तिच्या चार-पाचला काय होतं? तासकाटा १२२.५ वर, मिनिटकाटा ३० वर, कोन ९२.५. अजून अडीच अंश बाकी आहेत. दुसरा काटकोन मिनिटकाटा पुढे निघून गेल्यावर होतो: १२० भरून काढायचे आणि वर ९० पुढे जायचं, एकूण २१० अंश, म्हणजे ३८ पूर्णांक २/११ मिनिटांनी. प्रश्नात "पहिल्यांदा" हा शब्द नसेल तर दोन्ही वेळा बरोबर असतात, आणि पर्यायांत दुसरीच दिलेली असू शकते. पहिली सापडली नाही म्हणून प्रश्न चुकलाय असं समजून पुढे जाणारी पोरं मी बघितली आहेत.

घड्याळाचं इथवर उरकलं, तरी दोन वार शिल्लक होते.

वाराची पद्धत थोडक्यात अशी. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस जादा. लीप वर्षात दोन जादा. १०० वर्षांत २४ लीप वर्षं येतात, म्हणून ७६ अधिक ४८, एकूण १२४ जादा दिवस, सातानं भागून उरतात ५. त्याच हिशेबानं ३०० वर्षांचा १ उरतो आणि ४०० वर्षांचा ०, कारण चारशेवं वर्ष स्वतः लीप असतं. ० उरला तर रविवार, १ उरला तर सोमवार आणि असंच पुढे.

१२ जानेवारी १९३१ असा सुटतो. १६०० वर्षांचे ०. पुढच्या ३०० वर्षांचा १. मग १९०१ ते १९३० ही ३० वर्षं, त्यांत ७ लीप, म्हणजे ३७ जादा, उरले २. जानेवारीचे १२ दिवस, त्यातले उरले ५. बेरीज ८, सातानं भागून १. सोमवार.

तिचं उत्तर मंगळवार. एका दिवसानं पुढे. १५ ऑगस्ट १९४७ ला खरा वार शुक्रवार, तिचा शनिवार. तोही एका दिवसानं पुढे. एकाच दिशेला, तेवढीच चूक दोनदा झाली, म्हणजे इथेही कारण एकच असणार. अडचण अशी की एक दिवस पुढे जाण्याची दोन नेहमीची कारणं आहेत आणि उत्तरावरून ती ओळखू येत नाहीत. काही पोरं ० म्हणजे सोमवार धरतात, कारण त्यांच्या डोक्यात आठवडा सोमवारी सुरू होतो. अशांचं सगळं गणित बरोबर येतं, फक्त वार एकानं पुढे जातो. काही पोरं चालू वर्षही पूर्ण झालेलं धरतात: १९३१ म्हटलं की ३१ वर्षं घेतात, तीस घेत नाहीत. एक साधं वर्ष जास्त मोजलं की एक दिवस जादा. दोन्ही आजारांचं लक्षण सारखंच.

तिचा कच्चा कागद मिळाला असता तर लगेच कळलं असतं, पण तो तिनं टाकून दिला होता. मग मी तिला फळ्यावर एकच तारीख दिली: १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस. तारीख ओळखीची म्हणून घेतली नव्हती, वर्ष लीप आहे म्हणून घेतली होती. आठवड्याची सुरुवात चुकत असेल तर उत्तर इथेही एकाच दिवसानं पुढे जाईल. चालू वर्ष जास्त मोजलं जात असेल तर लीप वर्षाचे दोन दिवस जादा येतील आणि उत्तर दोन दिवसांनी पुढे जाईल.

खरा वार रविवार आहे. १६०० चे ०, ३०० चा १, ५९ वर्षांत १४ लीप म्हणून ७३, उरले ३. जानेवारी ते एप्रिल ३१, २९, ३१, ३० मिळून १२१, उरले २. मे महिन्याचा १ दिवस. एकूण ७, उरला ०.

तिनं खडू घेतला, पाच-सहा ओळी लिहिल्या आणि खाली लिहिलं, मंगळवार.

दोन दिवस पुढे. फेब्रुवारीचे तिनं २९ धरलेत की नाही तेवढं मी बघून घेतलं. कारण तिथे २८ धरले असते तर एक दिवस मागे येऊन उत्तर सोमवार दिसलं असतं आणि मी तिला चुकीचाच आजार सांगितला असता. २९ होते. वरच्या ओळीत ६० वर्षं, १५ लीप, ७५ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

"साठ कुठून आलं?"

"साठ सालच आहे की ओ."

इथे मला इंग्रजी पुस्तकातलं स्पष्टीकरण नेहमी तोकडं पडताना दिसतं, आणि आपल्या आज्यांचं बोलणं कामी येतं. मी विचारलं, "तुझं वय किती?" ती म्हणाली, "एकवीस लागलंय." मी म्हटलं, "लागलंय की पूर्ण झालंय?" "लागलंय. वीस पूर्ण."

"मग फॉर्मवर काय लिहितेस?"

ती दोन सेकंद गप्प बसली आणि फळ्यावरचं ६० पुसून तिनं ५९ केलं. १ मे १९६० ला साठावं लागलं होतं, पूर्ण एकोणसाठच झाली होती. साठाव्यातले जेवढे दिवस गेले ते आपण जानेवारी, फेब्रुवारी करत वेगळे मोजतोच. वर्षही घेतलं आणि महिनेही घेतले तर साठावं वर्ष दोनदा जमा होतं. पाळीवरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. महिना भरायच्या आत कुणी अख्ख्या महिन्याचा पगार धरून वर पुन्हा रोजाचे पैसे मागत नाही.

खात्री करायला तिला मी तोच वार दुसऱ्या वाटेनं काढायला लावला. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, हे दिलेलं धरायचं. तिथून १५ ऑगस्ट १९६० पर्यंत १३ वर्षं. मधे २९ फेब्रुवारी चारदा आला: १९४८, ५२, ५६ आणि ६०. एकूण १७ जादा, उरले ३, म्हणून सोमवार. आता १५ ऑगस्टवरून १ मेपर्यंत मागे यायचं: मेचे ३०, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे १५, एकूण १०६ दिवस. सातानं भागून १ उरतो, एक दिवस मागे, रविवार. या वाटेवर चालू वर्षाची चूक होऊच शकत नाही, कारण तारखेपासून तारखेपर्यंत मोजलं की वर्षं आपोआप पूर्ण होतात. इथली चूक वेगळी असते: पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. एक दिवस सोडून एकच मोजायचा, जसं आज सोमवार असेल तर एका दिवसानं मंगळवार. दुसरी गोष्ट, वर्षं मोजताना लीप वर्षं किती आली ते न बघता २९ फेब्रुवारी किती वेळा ओलांडला ते बघायचं. १५ ऑगस्ट १९४८ पासून मोजायला सुरुवात केली असती तर १९४८ लीप असूनही त्याचा काही संबंध आला नसता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मग ६ जून १६७४ चा वार काढता येईल का?" राज्याभिषेकाची तारीख. पोरगं हुशार आहे, पण नेमकं ज्या तारखेला ही पद्धत फसते तीच त्यानं उचलली. पद्धतीनं काढलं तर बुधवार येतो: १६०० चे ०, ७३ वर्षांत १८ लीप म्हणून ९१, उरले ०, जानेवारी ते मे १५१ दिवसांचे ४, आणि ६. एकूण १०, उरले ३. पण ६ जून ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या दिनदर्शिकेतली आहे. रोमनं नवी दिनदर्शिका १५८२ मध्ये आणली, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत घेतली नाही, आणि सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. जुनी ६ जून म्हणजे नवी १६ जून. त्या तारखेचा वार शनिवार. आपली जादा दिवसांची पद्धत नवी दिनदर्शिका मागेही तशीच चालत होती असं धरूनच चालते. पेपरात अशी तारीख आली तर बुधवारवर खूण करा, इतिहासाच्या वहीत मात्र लिहू नका, असं मी त्याला सांगितलं. यावर वर्गात पंधरा मिनिटं गेली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आठ दिवसांनी दुसरा पेपर घेतला. आकडे नवे, प्रश्नांची जात तीच. तिला दहापैकी नऊ पडले. दोन्ही वार बरोबर होते आणि दोन्हीच्या कच्च्या कागदावर तिनं वर्षाखाली छोट्या अक्षरात "पूर्ण" असं लिहिलेलं होतं. चुकला तो प्रश्न असा: चार ते पाचच्या दरम्यान काटे दुसऱ्यांदा काटकोनात कधी येतात. तिचं उत्तर चार पस्तीस. २१० ला तिनं ६ नं भागलं होतं. म्हणजे पेपर संपत आला, घाई झाली आणि तासकाटा परत चारवर जाऊन थांबला. ती चूक मी तिच्याकडूनच शोधून घेतली. तिला ती सापडायला अर्धं मिनिट लागलं.

पेपर परत देऊन मी फळा पुसत होतो. ती जागेवरून उठली नव्हती. मान वर करून दाराकडे बघत होती.

"सर, ते घड्याळ बिघडलंय."

मी मोबाइल बघितला. आठ चाळीस झाले होते, घड्याळातही आठ चाळीसच. म्हटलं, बरोबर तर आहे.

"मिनिटकाटा बरोबर आहे ओ. तासकाटा बघा. आठवर आहे, अगदी आठवर. आठ आणि नऊच्या मधे पाहिजे होता, वीस अंश पुढे." थोडं थांबून ती म्हणाली, "वीस अंश म्हणजे चाळीस मिनिटं. त्या दिवशी तुम्ही तीनवर दाबून धरला होता ना, मिनिटकाटा आठवर जाईस्तोवर?"